लांब प्रॉम्प्टमध्ये सूचना कुठे लिहायची आणि महत्त्वाची नोंद कुठे ठेवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या फवारणी डायऱ्या तपासण्याचं काम मी करतो. गेल्या दोन हंगामांपासून पहिली चाळणी भाषा मॉडेलकडून करून घेतो. गटातले सुपरवायझर, डेटा भरणारी मुलं-मुली आणि शेजारच्या गटांतली माणसं तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं डायरीची आहेत. लांब मजकूर चिकटवून त्यावर प्रश्न विचारणाऱ्या कुणाच्याही कामात हीच अडचण येते.

प्रश्न: सगळी माहिती प्रॉम्प्टमध्ये दिली होती. तरी मॉडेलने ती पाहिलीच नाही असं उत्तर का आलं?

माहिती दिलेली असणं आणि उत्तर देताना ती वापरली जाणं यात फरक आहे. लांब मजकुराच्या सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेल जास्त भरवशाने वापरतं, मधलं सुटण्याची शक्यता जास्त असते.

हे नीट मोजून दाखवलं ते 2023 मध्ये संशोधक नेल्सन लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी मॉडेलला एक प्रश्न आणि 20 उतारे दिले. उत्तर एकाच उताऱ्यात होतं, आणि तो उतारा कितव्या जागी आहे एवढंच ते बदलत गेले. तेव्हाच्या GPT-3.5-Turbo ची अचूकता उत्तर पहिल्या उताऱ्यात असताना सुमारे 76 टक्के होती, दहाव्यात असताना 54 आणि विसाव्यात असताना 63. एकही उतारा न देता तोच प्रश्न विचारला तर हेच मॉडेल 56 टक्के बरोबर यायचं. म्हणजे उत्तर हातात देऊनही ते मधोमध ठेवल्यामुळे निकाल काहीच न दिल्यापेक्षा खाली गेला. आलेख काढला तर दोन्ही टोकं वर आणि मध्य खोल, दरीसारखा दिसतो.

आजची मॉडेलं त्या वेळच्यापेक्षा पुष्कळ सुधारली आहेत. दरी उथळ झाली आहे, पण सगळ्या कामांसाठी ती बुजलेली नाही. खाली सांगितलेला घोटाळा आमच्याकडे याच हंगामात झाला.

प्रश्न: मधलंच का सुटतं?

मॉडेल मजकूर टोकनांच्या, म्हणजे शब्दांच्या छोट्या तुकड्यांच्या, ओळीने वाचतं आणि प्रत्येक टोकन फक्त आपल्या आधीचं पाहू शकतं. त्यामुळे सुरुवातीच्या ओळी पुढच्या सगळ्या मजकुराच्या नजरेखालून जातात. पहिली काही टोकनं तर अर्थ काहीही असला तरी लक्ष ओढून घेतात, हेही 2023 मधल्याच आणखी एका संशोधनात दिसलं. शेवटच्या ओळींना वेगळा फायदा आहे: उत्तर जिथून लिहायला सुरुवात होते त्याला त्या सर्वांत जवळ असतात, आणि जागा ओळखण्याची जी पद्धत बहुतेक मॉडेलांत वापरतात तिचा कल जवळच्याकडे असतो. मधल्या मजकुराला यातला एकही फायदा मिळत नाही. शिवाय शिकताना मॉडेलने वाचलेल्या लेखनातही महत्त्वाचं बरंचसं सुरुवातीला किंवा शेवटी आलेलं असतं. यातलं कोणतं कारण किती जबाबदार, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. कामापुरतं एवढं पुरे.

प्रश्न: तुमच्याकडे नक्की काय घडलं?

5 फेब्रुवारीच्या काढणीसाठी 32 प्लॉट तपासायचे होते. प्रत्येक प्लॉटची गोडी छाटणीपासूनची डायरी, साधारण 25 नोंदी. म्हणजे 800 ओळी. सोबत निर्यातदाराने दिलेली औषधांची यादी, प्रत्येकापुढे त्याचा पीएचआय, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते अंतर. यादीत एका बुरशीनाशकापुढे 30 दिवस होते. हंगामाच्या मध्यात निर्यातदाराचा निरोप आला की या औषधासाठी आता 45 दिवस धरा.

डेटा भरणाऱ्या आमच्या एका मुलीने प्रॉम्प्ट असा जुळवला: वर गटाची ओळख दोन परिच्छेद, मग औषधांची यादी, मग डायऱ्या, शेवटी प्रश्न. 45 दिवसांचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा ती पंधराव्या प्लॉटची डायरी चिकटवत होती, म्हणून तो तिथेच, पंधराव्या आणि सोळाव्या प्लॉटच्या मध्ये पडला.

उत्तर सुबक तक्त्यात आलं. प्लॉट 9 आणि प्लॉट 21 काढणीला योग्य दाखवले होते. दोन्हीवर ते औषध 27 डिसेंबरला पडलं होतं. तिथून 5 फेब्रुवारीपर्यंत 40 दिवस होतात. 30 च्या नियमाने दोन्ही पास, 45 च्या नियमाने दोन्ही नापास, काढणी 10 फेब्रुवारीच्या आधी नाही. मॉडेलने जुना आकडा धरला होता.

दुसरी चूक निराळी होती. प्लॉट 17 वर हेच औषध 9 जानेवारीला पुन्हा पडलं होतं, पण ती नोंद औषधाच्या रकान्यात नव्हती. शेऱ्यात लिहिलं होतं, "अवकाळीमुळे 27 तारखेचीच परत मारली." मॉडेलने शेवटची फवारणी 27 डिसेंबर धरली आणि हाही प्लॉट पास केला. खरं अंतर 27 दिवसांचं, म्हणजे जुन्या नियमानेसुद्धा नापास.

सुपरवायझरने हाताने पडताळणी केली म्हणून माल अडकला नाही. पण या दोन चुका लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात नियम मध्ये पडला होता, दुसऱ्यात नोंद मध्ये होती. नियम हलवता येतो. नोंद हलवता येत नाही, कारण कोणती नोंद महत्त्वाची ते आधी ठाऊकच नसतं.

प्रश्न: मग नियम कुठे ठेवायचा, वर की खाली?

दोन्हीकडे, थोडक्यात.

Claude हे मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनात लांब दस्तऐवज वर आणि प्रश्न शेवटी ठेवा असं सांगितलं आहे. अनेक दस्तऐवज असलेल्या गुंतागुंतीच्या कामांत यामुळे त्यांच्या चाचण्यांत उत्तराचा दर्जा 30 टक्क्यांपर्यंत सुधारला. ओपनएआयने GPT-4.1 साठीच्या मार्गदर्शनात सूचना मजकुराच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे द्या असं म्हटलं आहे, आणि एकदाच द्यायची असेल तर वर द्या असं. हे वाचून लोक गोंधळतात. माझ्या मते यात मोठा विरोध नाही. वरच्या सूचनेमुळे पुढचं वाचताना काय शोधायचं ते ठरतं. खालची सूचना उत्तर लिहिताना ताजी असते. आमच्या कामात दोन्ही ठेवल्यावर कुठल्याच मॉडेलचा निकाल खाली आलेला मी पाहिला नाही, आणि खर्च चार-पाच ओळींचा.

लिऊ यांच्या प्रयोगातही एक जागा अशी आहे. संकेत आणि त्याचं मूल्य अशा शेकडो जोड्यांमधून एक नेमकी जोडी शोधण्याच्या कामात प्रश्न मजकुराच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे दिल्यावर मॉडेलं जवळपास निर्दोष झाली. पण उतारे वाचून उत्तर द्यायच्या कामात याच युक्तीने फारसा फरक पडला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण "प्रश्न दोनदा लिहिला की झालं" असा समज पसरला आहे. नियम लागू होणं त्याने सुधारतं, मधली नोंद सापडेलच असं नाही.

आमचा सांगाडा आता असा आहे:

```
तू फवारणी डायरी तपासतोस. काढणी: 5 फेब्रुवारी.
पीएचआय फक्त <यादी> मधला धर. शेरेही वाच.

<यादी> ... </यादी>
<डायरी प्लॉट="01"> ... </डायरी>
<डायरी प्लॉट="02"> ... </डायरी>
...

पुन्हा: पीएचआय फक्त <यादी> मधला. शेरेही वाच.
प्रश्न: ...
```

प्रश्न: 45 दिवसांचा निरोप शेवटी पुन्हा लिहिला असता तर काम झालं असतं ना?

बहुधा झालं असतं. पण आम्ही तसं केलं नाही, आणि करूही नका. यादीत 30 तसंच राहिलं आणि खाली 45 लिहिलं, तर मॉडेलपुढे दोन आकडे राहतात आणि कोणता जुना हे त्याला दर वेळी ठरवावं लागतं. एखाद्या वेळी चुकेल. आम्ही यादीतच 30 खोडून 45 केलं. आकडा एकाच जागी, आणि त्या जागेकडे बोट दाखवणारी ओळ दोन टोकांना.

मूळ मजकूर बदलायची मुभा नसेल, समजा करारपत्र आहे आणि दुरुस्तीपत्र वेगळं आहे, तर मात्र शेवटी स्पष्ट लिहा: "कलम अमुकमधला आकडा रद्द, त्याऐवजी हा." नुसता नवा आकडा लिहू नका, कोणता जुना आकडा रद्द झाला तेही लिहा.

प्रश्न: आणि प्लॉट 17 सारखी मध्ये दडलेली नोंद? ती कशी वर काढायची?

यावर सर्वांत उपयोगी ठरलेला उपाय म्हणजे उत्तराआधी ओळी उतरवून घेणं. थेट "कोणते प्लॉट पास?" विचारायचं नाही. आधी सांगायचं:

```
प्रत्येक प्लॉटसाठी, या औषधाशी संबंधित प्रत्येक ओळ
(शेऱ्यातलीसुद्धा) जशीच्या तशी उतरव.
काही नसेल तर "नोंद नाही" लिही. 32 ही प्लॉट हवेत.
त्यानंतरच निष्कर्ष लिही.
```

मॉडेल जे लिहितं ते लगेच त्याच्या मजकुराच्या शेवटाला जोडलं जातं. 800 ओळींच्या मध्यात असलेली नोंद एकदा उतरवली की ती निष्कर्षाच्या अगदी शेजारी येते. म्हणजे जी नोंद आपल्याला हलवता येत नव्हती ती मॉडेलकडूनच हलवून घेतली. अँथ्रॉपिकने Claude 2.1 च्या वेळी याचा एक टोकाचा नमुना दाखवला होता: उत्तराची सुरुवात "संदर्भातलं सर्वांत संबंधित वाक्य हे" अशा अर्थाच्या एका ओळीने करून दिली, तर लांब मजकुरातून वाक्य शोधण्याचा निकाल 27 टक्क्यांवरून 98 टक्क्यांवर गेला.

"नोंद नाही" लिहायला लावणं विसरू नका. ते नसेल तर वगळलेला प्लॉट आणि खरोखर नोंद नसलेला प्लॉट यांतला फरक कळत नाही. 32 पैकी 30 च ओळी आल्या तर काय सुटलं ते लगेच दिसतं.

दिवस मोजायचं काम आम्ही मॉडेलकडे ठेवलंच नाही. उतरवलेल्या तारखा एक्सेलमध्ये टाकतो, वजाबाकी तिथे होते.

प्रश्न: "27 तारखेचीच परत मारली" हे उतरवताना तरी सापडतं का? त्यात औषधाचं नावच नाही.

फार योग्य प्रश्न. सुरुवातीला नाही सापडलं.

शोधायचा शब्द आणि नोंदीतला शब्द एकच असेल तर मध्यातूनही आजची मॉडेलं तो बहुतेक वेळा काढतात. शब्द जुळत नसले, मध्ये एक अर्थाची पायरी असली, की लांब मजकुरात घसरण वाढते. आमच्या डायऱ्यांत हे पदोपदी आहे. यादीत औषधाचं रासायनिक नाव, डायरीत शेतकऱ्याने लिहिलेलं दुकानातलं ब्रँडचं नाव, कुठे "डाऊनीचं औषध", कुठे "निळी बाटली".

यावर जागा बदलून भागत नाही, मजकूर सुधारावा लागतो. आम्ही डायरी भरतानाच ब्रँडपुढे यादीतलं नाव लिहून घेतो, आणि "परत मारली", "तीच मारली", "राहिलेली ओळ मारली" अशा शेऱ्यांना वेगळी नोंद करून तारीख देतो. प्लॉट 17 ची ती नोंद आता डायरीत "9 जानेवारी" अशी स्वतंत्र ओळ आहे. त्यानंतर ती सुटली नाही.

प्रश्न: 32 प्लॉट एकदम देण्याऐवजी एकेक दिला तर?

तर बहुतेक वेळा हे पानच वाचायची गरज नाही. एका प्लॉटच्या 25 ओळींना मध्य असा राहतच नाही. आम्ही आता काढणीची तपासणी प्लॉटनिहायच करतो. वरचा नियमांचा आणि यादीचा भाग प्रत्येक वेळी अक्षरशः तोच ठेवतो आणि बदलणारी डायरी नंतर देतो. बऱ्याच सेवांमध्ये सुरुवातीचा मजकूर तसाच राहिला तर तो पुन्हा वाचायचा खर्च कमी लागतो, तोही फायदा.

एकत्र द्यावंच लागतं ते तुलनेच्या प्रश्नांना: "कोणत्या प्लॉटांवर एकाच दिवशी तेच औषध पडलं?" तिथेही आधी प्लॉटनिहाय ओळी उतरवून घेतो आणि फक्त त्या ओळी एकत्र करून दुसरा प्रश्न विचारतो. "एकूण किती फवारण्या झाल्या?" असले मोजणीचे प्रश्न मात्र लांब मजकुरावर विचारूच नका. प्रत्येक ओळ धरली गेली तरच उत्तर बरोबर, आणि तशी खात्री कुठल्याही मांडणीने मिळत नाही.

प्रश्न: नको असलेला मजकूर काढून टाकावा का?

हो, पण प्रश्न पाहून. पीएचआय तपासताना यादीतलं सर्वांत मोठं अंतर 60 दिवसांचं होतं, म्हणून 75 दिवसांपूर्वीच्या नोंदी आम्ही दिल्याच नाहीत. निम्म्याहून जास्त ओळी गळल्या. पण "हंगामात हे औषध किती वेळा वापरलं" हे बघायचं असेल तेव्हा पूर्ण डायरी लागते. तिथे हीच काटछाट चुकीचं उत्तर देईल.

गटाच्या ओळखीचे ते दोन परिच्छेद मात्र कायमचे गेले. सर्वांत चांगली जागा त्यांनी अडवून ठेवली होती.

प्रश्न: मराठीत लिहिल्याने जास्त त्रास होतो का?

देवनागरी मजकुराची सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकनं होतात. तेवढ्याच आशयाचा मजकूर मॉडेलसाठी अधिक लांब, म्हणून त्याचा मध्यही मोठा. फरक मॉडेलनुसार बदलतो. शेतकऱ्याची नोंद इंग्रजीत भाषांतर करून द्यावी असं मी म्हणणार नाही, "परत मारली" चा अर्थ भाषांतरातच हरवेल. लांबी कमी करायची ती काटछाटीने.

प्रश्न: चॅटमध्ये पहिल्याच संदेशात नियम सांगितला होता, वीस संदेशांनंतर विसरला. तेच कारण का?

बरंचसं तेच. पहिल्या संदेशाला निदान सुरुवातीचा फायदा असतो. चौथ्या-पाचव्या संदेशात सांगितलेली दुरुस्ती सर्वांत वाईट जागी असते, आणि माणसं दुरुस्त्या नेमक्या तिथेच सांगतात. नवा चॅट उघडा, आतापर्यंतचे सगळे नियम एकत्र लिहून वर टाका आणि पुढे चला. जुन्याच चॅटमध्ये राहायचं असेल तर प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नासोबत ती दुरुस्ती पुन्हा लिहा.

प्रश्न: माझं मॉडेल लाखो टोकनं घेतं आणि गवतातली सुई शोधायच्या चाचणीत पूर्ण गुण मिळवतं. मला हे लागू आहे का?

त्या चाचणीत बहुधा एक विजोड वाक्य अवांतर मजकुरात लपवतात. विजोड असल्यामुळेच ते उठून दिसतं. डायरीत मात्र 800 ओळी एकसारख्या असतात आणि हवी ती ओळ शेजारच्या ओळीसारखीच दिसते. म्हणून चाचणी आपल्याच मजकुरावर घ्या.

प्रश्न: ती कशी घ्यायची?

उत्तर ठाऊक असलेली एक डायरी घ्या, बाकीच्यांसारखीच दिसणारी. आमच्याकडे प्लॉट 17 ची आहे, शेरा जुन्याच भाषेत ठेवलेली. ती एकदा सर्वांत आधी ठेवा, मग पाव भागावर, मधोमध, पाऊण भागावर आणि सर्वांत शेवटी. बाकी काही बदलू नका. प्रत्येक जागी तोच प्रश्न किमान पाच वेळा नव्या चॅटमध्ये विचारा, कारण एकदा बरोबर आलेलं उत्तर योगायोगाचंही असतं. 25 उत्तरं होतील, अर्ध्या दिवसाचं काम.

टोकांना बरोबर आणि मध्ये चूक आली तर दुखणं जागेचं आहे. मांडणी आणि उतरवून घेणं यांनी सुधारेल. पाचही जागी चूक आली तर दुखणं नोंदीचं किंवा प्रश्नाचं आहे. ही डायरी एकटीच देऊन विचारा, तरीही चुकली तर आधी नोंद सुधारा. आमचं तसंच निघालं होतं: शेऱ्याची ओळ एकट्या डायरीतही दोनदा सुटली, आणि मध्यात ठेवल्यावर पाचही वेळा. 45 दिवसांचा निरोप मात्र टोकांना प्रत्येक वेळी पाळला गेला आणि फक्त मध्ये चुकला.

मॉडेल बदललं, त्याची नवी आवृत्ती आली किंवा डायऱ्या 32 वरून 60 झाल्या, की ही 25 उत्तरं पुन्हा काढतो. प्लॉट 17 ची जुनी प्रत त्यासाठी वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवली आहे आणि तिच्यावर "सुधारू नये" असं लिहिलं आहे.